२ जीबी रॅमवर सात महिने: हलकं म्हणजे नक्की काय, ते मला उशिरा कळलं

परवा रात्री लॅपटॉप पुन्हा हँग झाला म्हणून हे लिहायला बसलोय. सात महिने नीट चाललेला, जुना, २ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्डडिस्क, त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉप. माउस दर पाच सेकंदांनी एकदा हलायचा, डिस्कचा लाइट एकसारखा पेटलेला, आणि मी काय करत होतो तर फक्त एक पीडीएफ वाचत होतो. कसंबसं टर्मिनल उघडून `vmstat 1` मारलं तर si आणि so या दोन्ही कॉलममध्ये आकडे थांबतच नव्हते. रॅम अपुरी पडली की तिथलं सामान हार्डडिस्कवरच्या एका राखीव जागेत ठेवलं जातं, ती जागा म्हणजे स्वॅप, आणि हे दोन कॉलम म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये काय येतंय आणि रॅममधून स्वॅपमध्ये काय जातंय. अधूनमधून तिथे काहीतरी दिसलं तर चालतं, पण दोन्हीकडे सतत आकडे पळत असतील तर मशीन काम करत नाहीये, नुसतं सामान या खोलीतून त्या खोलीत हलवतंय असं समजा.

कारण सापडलं ते चॅटचं डेस्कटॉप अ‍ॅप. मी ते पहिल्याच महिन्यात काढलं होतं, घरात कोणीतरी परत टाकलं. आता यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण सात महिन्यांत मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर याची. हे अ‍ॅप बंद केलं तरी बंद होत नाही! खिडकीच्या फुलीवर क्लिक करा, ते वर ट्रेमध्ये जाऊन बसतं, आणि मशीन चालू केल्याकेल्या स्वतःच उठतं. त्याच्या पोटात एक अख्खं क्रोमियम ब्राउझर आहे, म्हणजे दोन ओळींचा मेसेज दाखवायला दुसरं ब्राउझर चालू. माझ्याकडे मोजलं तर पाच प्रोसेस मिळून साधारण ३८० एमबी, आणि माझं डेस्कटॉप नुसतं चालू असताना सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास. म्हणजे एका बंद केलेल्या खिडकीने जवळपास अजून एक डेस्कटॉप खाल्लं.

मोजताना मी आधी चूक करायचो तेही सांगतो. `top` मधला RES आकडा बघून प्रोसेसची बेरीज करायचो. पण एकच लायब्ररी पाच प्रोसेस मिळून वापरत असतील तर RES मध्ये ती पाचही वेळा मोजली जाते, त्यामुळे बेरीज फुगते. `smem` टाका, त्यात PSS कॉलम असतो, तो वाटून घेतलेल्या मेमरीची प्रत्येकाच्या वाट्याला येईल तेवढीच मोजणी करतो.

```
sudo apt install smem
smem -tk -P firefox
```

शेवटच्या ओळीतली PSS ची बेरीज बघायची. firefox च्या जागी ज्या प्रोग्रामचा संशय आहे त्याचं नाव.

सुरुवातीला माझं मत असं होतं की डाउनलोड छोटा तो प्रोग्राम हलका. त्या नादात फायरफॉक्स काढून फाल्कन टाकलं, कारण सगळीकडे "हलकं ब्राउझर" म्हणून नाव वाचलेलं. पंधरा दिवस वापरलं आणि माझं मत बदललं. फाल्कन वाईट नाही, पण त्याच्या आतलं क्यूटी वेबइंजिन हे मुळात क्रोमियमचंच इंजिन आहे, आणि पान तेवढंच जड असतं, ते कुठल्याही खिडकीत उघडा. वर माझं एक्सएफसीई चालतं जीटीके लायब्रऱ्यांवर, फाल्कन येतं क्यूटी घेऊन, म्हणजे रॅममध्ये आधी नसलेला लायब्रऱ्यांचा अजून एक संच. तीच चार पानं उघडून मोजलं तर फायरफॉक्सपेक्षा थोडं जास्तच भरलं. डिलो पण बघितलं, ते खरंच पिसासारखं हलकं आहे, पण जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे लॉगिन लागणाऱ्या बहुतेक साइट गेल्या. शेवटी परत फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन. हे एक्स्टेंशन स्वतः थोडी मेमरी घेतं, पण जाहिरातींनी भरलेल्या पानांवर त्याहून बरीच जास्त वाचवतं.

मग डोक्यात प्रकाश पडला की हलकं-जड हे एकट्या प्रोग्रामवर ठरत नाही, मेमरीत आधी काय बसलंय त्यावर ठरतं. क्यूटीवरच चालणारं केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्याला फाल्कन परवडत असेल कारण त्याच्याकडे क्यूटी आधीच आहे, मला नाही परवडत. आता काहीही टाकायच्या आधी नुसती चाचणी घेतो:

```
apt install -s falkon
```

यातलं `-s` म्हणजे खरं इन्स्टॉल न करता फक्त काय काय येईल ते दाखव. एका छोट्या प्रोग्रामसाठी चाळीस-पन्नास पॅकेजेसची वरात येत असेल आणि त्यात बरीच नावं libqt किंवा libkf ने सुरू होत असतील तर मी दुसरा पर्याय शोधतो. चॅटचं पण तसंच केलं, अ‍ॅप काढलं आणि फायरफॉक्सच्या टॅबमध्ये उघडलं, इंजिन आधीच चालू असतं त्यामुळे वर फक्त टॅबचा भार, माझ्याकडे १५०-१७० एमबी, आणि मुख्य म्हणजे टॅब बंद केला की खरंच बंद.

पीडीएफला झथुरा घेतलं. जीटीकेवर आहे, बटणं नाहीत, j k ने वरखाली, / ने शोध, q ने बाहेर, चार दिवस त्रास होतो मग हात बसतो. पण स्कॅन केलेली पुस्तकं वाचताना हे पण फुगायला लागलं तेव्हा मी हादरलो. गणित करून बघितलं. माझा स्क्रीन १३६६ रुंद, ए४ पान त्या रुंदीला ताणलं तर उंची साधारण १९३०, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक पान सुमारे १० एमबी. फाइल कितीही छोटी असो, दाखवायला ती उलगडावीच लागते. आणि झथुरा मूळ सेटिंगमध्ये १५ पानं जवळ ठेवतं, झाले दीडशे. `~/.config/zathura/zathurarc` मध्ये ही एक ओळ टाकली:

```
set page-cache-size 4
```

मागची पानं उलटताना क्षणभर थांबावं लागतं, पण फुगणं थांबलं. फॉर्म भरायचा असेल तर तो फायरफॉक्समध्येच भरतो, त्यासाठी वेगळं काही टाकलं नाही.

लिब्रेऑफिस मात्र काढलं नाही. सगळे म्हणतात काढ, अ‍ॅबीवर्ड आणि न्यूमेरिक टाक. न्यूमेरिक चांगलंय, छोटे हिशेब मी त्यातच करतो, पण बाहेरून आलेल्या एक्सेल फाइलची मांडणी एकदा हलली आणि मला ती परत पाठवायची होती, तेव्हा रात्री बसून कॉलम सरळ केले. लिब्रेऑफिस उघडायला पाऊण मिनिट लागतं, लागू दे. काम झालं की बंद होतं आणि सगळी मेमरी परत देतं. मला राग जड प्रोग्रामचा नाहीये, ठिय्या देऊन बसणाऱ्याचा आहे.

एक मर्यादा आहे, व्हिडिओ. एमपीव्ही या प्लेयरने मेमरी वाचते पण १०८० चा व्हिडिओ अडखळतोच, तिथे प्रोसेसर कमी पडतो. ७२० वर ठेवतो.

परवाचं अ‍ॅप काढल्यावर `ls ~/.config/autostart` बघितलं तर त्याची .desktop फाइल तिथे तशीच पडलेली. ती पण उडवली. आत्ता फायरफॉक्समध्ये तीन टॅब आणि झथुरा उघडं आहे, vmstat मध्ये si so दोन्ही शून्य.