दिवाळीची ईमेल यादी जुन्या खरेदीनुसार विभागताना आलेला आठ महिन्यांचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या दुकानात पैठणी, हिमरूच्या शाली आणि ओढण्या मिळतात. गेली काही वर्षे आम्ही त्या संकेतस्थळावरूनही विकतो. ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांची यादी 2,140 पर्यंत गेली होती आणि प्रत्येक सणाला त्या सगळ्यांना एकच मजकूर जात असे. जुलै 2025 मध्ये मी ईमेल पाठवण्याची एक सशुल्क सेवा घेतली, ती केवळ जुन्या खरेदीनुसार गट पाडता येतात म्हणून. दसरा, दिवाळी आणि संक्रांत या तीन सणांच्या वापरानंतर हा अनुभव लिहीत आहे.

सेवेत तयार मिळणारे गट वस्तूच्या प्रकारावर बेतलेले असतात, म्हणजे पैठणी घेणारे एका गटात आणि शाल घेणारे दुसऱ्या गटात. दसऱ्याला मी तसेच केले आणि चूक लगेच लक्षात आली. जिने मागच्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी पैठणी घेतली, तिला यंदा पुन्हा पैठणी नको असते. आणि महिन्यापूर्वी पूर्ण किमतीत घेतलेल्या साडीवर आता सवलत आहे, हे ईमेलमधून कळले तर ती ग्राहक दुखावते. अशी दोन उत्तरे आल्यावर मी पहिला नियम केला : गेल्या 60 दिवसांत जी वस्तू घेतली, तिच्या सवलतीचा मजकूर त्या ग्राहकाला जाणार नाही. पैठणी घेतलेल्यांना त्याऐवजी साडीची घडी बदलत राहण्याविषयी आणि जरीला अत्तर लागू न देण्याविषयी चार ओळी पाठवल्या व खाली हिमरूची ओढणी दाखवली. या गटाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

खरा उपयोग झाला तो भाऊबीजेच्या गटाचा. आमच्याकडून दिवाळीत बरीच पार्सले भेट म्हणून जातात आणि भेट पाठवणारा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा पाठवण्याची शक्यता मोठी असते. परंतु ‘ही भेट आहे’ असे ऑर्डरमध्ये कोणी लिहीत नाही. ते दोन गोष्टींवरून ओळखावे लागते : बिलाचा पत्ता व पार्सलचा पत्ता वेगळा असणे आणि ऑर्डर भाऊबीजेच्या आधीच्या दिवसांत आलेली असणे.

यातील दुसरी अट दिसते तितकी सोपी नाही, कारण सेवा इंग्रजी दिनदर्शिकेने चालते आणि भाऊबीज तिथीने. ती 2023 मध्ये 15 नोव्हेंबरला होती, 2024 मध्ये 3 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 23 ऑक्टोबरला. सेवेत ‘मागील ऑर्डरला एक वर्ष पूर्ण होताच ईमेल पाठवा’ अशी स्वयंचलित सोय आहे व ती मोहात पाडणारी आहे. मात्र 25 ऑक्टोबर 2024 रोजी, म्हणजे भाऊबीजेच्या नऊ दिवस आधी, ज्याने साडी पाठवली, त्याला या सोयीने 25 ऑक्टोबर 2025 रोजी ईमेल गेला असता. तोवर भाऊबीज होऊन दोन दिवस उलटलेले असते. संक्रांत जवळपास त्याच तारखेला येत असल्याने तिच्यासाठी ही सोय चालते. दिवाळीसाठी ती बंदच ठेवावी.

म्हणून मी ऑर्डरची फाइल उतरवून घेतली आणि एक्सेलमध्ये तारखेऐवजी ‘भाऊबीजेला किती दिवस उरले’ हा स्तंभ तयार केला. C स्तंभात ऑर्डरची तारीख असेल, तर 2024 च्या ऑर्डरींसाठी सूत्र असे :

```
=DATE(2024,11,3)-C2
```

2023 च्या ऑर्डरींसाठी त्यात 2023,11,15 लिहायचे. उत्तर 0 ते 25 मध्ये आले की ऑर्डर भाऊबीजेच्या काळातील, मग इंग्रजी महिना कोणताही असो. फाइल उघडताना मराठी नावे चौकोनांसारखी किंवा भलत्याच अक्षरांत दिसली, तर ती थेट दोनदा टिचकी मारून उघडू नये. एक्सेलच्या Data भागातून UTF-8 निवडून आत घ्यावी. नाहीतर तीच बिघडलेली नावे ग्राहकांपर्यंत पोहोचतात.

या चाळणीतून 312 ग्राहक मिळाले. पहिली यादी वाचतानाच शंका आली, कारण कित्येकांच्या पार्सलचा पत्ता एखाद्या कचेरीचा होता. ही माणसे भेट पाठवत नव्हती, दिवसा घरी कोणी नसते म्हणून पार्सल कामाच्या ठिकाणी मागवत होती. तेव्हा पार्सल घेणाऱ्याचे नाव आणि बिलावरचे नाव एकच असेल तर तो ग्राहक वगळला; 174 उरले. रद्द झालेल्या व परत आलेल्या ऑर्डरीही फाइलमध्ये तशाच असतात, त्या काढल्यावर 161 राहिले. जवळजवळ निम्मी नावे गळाली याचे मला वाईट वाटले नाही.

मजकुराचा पहिला मसुदा ‘आपल्या बहिणीसाठी’ असा होता. तो वाचून सौ. म्हणाल्या, “आपल्याला काय ठाऊक ती बहीण होती की सासूबाई? आणि बहीण असली, तरी यंदा ती आहे का?” पत्त्यावरून भेट ओळखता येते, नाते नाही. शेवटी विषयाची ओळ ‘गेल्या दिवाळीची भेट, यंदा वेळेत पोहोचेल’ अशी ठेवली आणि तळाशी ‘भाऊबीजेचे ईमेल नकोत’ असा वेगळा दुवा दिला, जेणेकरून कोणाला संपूर्ण यादीतून बाहेर पडावे लागू नये. सात जणांनी तो दाबला. कारण विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडवला होता, त्यामुळे ‘धमाका’, ‘लूट’ असले शब्द त्या वर्षी सगळ्याच गटांतून काढून टाकले. ते परत आणण्याचा विचार नाही.

ईमेल 6 ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या 17 दिवस आधी गेला. एक ग्राहक दोन गटांत बसत असेल तर त्याला दोन ईमेल जातात, म्हणून गटांना क्रम दिला : आधी भाऊबीज, मग पैठणी, मग उरलेले, वरच्या गटात आलेला ग्राहक खालच्यातून आपोआप वगळला जाईल अशी अट घातली. 161 पैकी 16 जणांना मुद्दाम नेहमीचा सर्वसाधारण मजकूर पाठवला. वेगळ्या मजकुराच्या 145 जणांकडून 19 ऑर्डरी आल्या, त्या 16 जणांकडून एक. मला हे समाधानकारक वाटले, पण सोळांतून आणखी एकाने जरी खरेदी केली असती तरी चित्र पालटले असते, इतका तो गट लहान आहे. ‘किती जणांनी उघडला’ हा आकडा मी पाहणे सोडले आहे, कारण ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेला ईमेलही उघडल्याची नोंद होऊ शकते. प्रत्येक गटाला वेगळे कूपन देऊन त्यावर आलेल्या ऑर्डरी मोजणे हेच विश्वासाचे.

एक उणीव मात्र सेवेच्या हाती नाही. आमचे निम्मे गिऱ्हाईक अजून दुकानात येऊन, वहीवर नाव लिहून खरेदी करते. संकेतस्थळावर एकदा घेऊन नंतर प्रत्यक्ष येणाऱ्या ग्राहकाला ही यादी ‘बरेच दिवस खरेदी नाही’ अशा गटात टाकते. संक्रांतीला एका काकूंना ‘आपली आठवण येते’ असा ईमेल गेला, तेव्हा त्या आदल्या आठवड्यातच काळी चंद्रकळा घेऊन गेल्या होत्या. गुढीपाडव्यापूर्वी बिल करतानाच ईमेल पत्ता विचारून दुकानातील खरेदी दर शनिवारी यादीत चढवायला सुरुवात केली आहे. तोवर तो गट बंद ठेवला आहे.