सगळ्याच पानांच्या शीर्षकात ‘किंमत’: एसइओच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमचे सोलर वॉटर हीटरचे दुकान आहे. वेबसाइटवरून चौकशा वाढाव्यात म्हणून आम्ही एका एजन्सीला एसइओचे, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचे काम दिले होते. ग्राहक कोणत्या हेतूने शोधतो, याचा अभ्यास करून प्रत्येक पानाचे शोधनिकालांत दिसणारे शीर्षक स्वतंत्र लिहून देऊ, असे त्यांच्या कोटेशनमध्ये स्पष्ट नमूद होते आणि त्याचे पैसेही वेगळे लावले होते. प्रत्यक्षात त्यांनी सगळ्या शीर्षकांना ‘किंमत व बेस्ट ऑफर, पुणे’ हे एकच शेपूट जोडले.

यात काय बिघडते, ते ‘ईटीसी की एफपीसी’ या आमच्या पानावर नेमके दिसले. काचेच्या नळ्यांचा ईटीसी आणि तांब्याच्या नळ्यांचा एफपीसी, यांपैकी बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला कोणता चालेल, एवढेच त्यात समजावलेले आहे. किमतीचा एकही आकडा नाही. असे शोधणाऱ्याची निवड अजून व्हायची असते, त्यामुळे शीर्षकात त्याला तुलनाच दिसायला हवी. ‘बेस्ट ऑफर’ वाचून तो दुसरीकडे जातो, आणि किंमत शोधणारा चुकून आत आलाच तर आकडा न सापडल्याने परत फिरतो. काही शोधांत तर गूगलने ते शीर्षक बाजूला सारून पानावरचा मथळाच दाखवला.

मासिक अहवालात मात्र रेघ सतत चढती होती. साइट गूगलच्या शोधात कशी चालते ते दाखवणाऱ्या गूगलच्याच सर्च कन्सोलच्या आलेखावर क्लिक, इंप्रेशन म्हणजे निकालांत साइट किती वेळा दिसली, सीटीआर म्हणजे त्यांपैकी किती टक्के वेळा क्लिक झाले, आणि सरासरी स्थान असे चार चौकोन असतात. पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त इंप्रेशनचा चौकोन चालू ठेवलेला असे. बरीच टाळाटाळ झाल्यावर आम्हाला खात्याचा ताबा मिळाला. या एका पानाचा फिल्टर लावल्यावर कळले की वाढलेली इंप्रेशन्स किमतीच्या शोधांची होती आणि तिथे आम्ही निकालांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर होतो, तर तुलनेच्या शोधांवरून पूर्वी येणारे क्लिक घटले होते.

शोधाचा हेतू पडताळायला एजन्सी लागत नाही. ब्राउझरच्या खासगी विंडोत तोच शोध टाकून पहिल्या पानावरचे निकाल वाचावेत. ‘सोलरमधून गरम पाणी का येत नाही’ याला बहुतेक समजावणारे लेख येत असतील, तर शीर्षकाने मार्गदर्शन देऊ करावे. ‘200 लिटर सोलर वॉटर हीटर किंमत’ याला दुकानांची पाने येत असतील, तर शीर्षकात किंमत लिहावी, मात्र पानावर क्षमतेनुसार दर आणि फिटिंगचा खर्च खरोखर दिलेला असावा. नुसत्या ‘सोलर वॉटर हीटर’ या शोधाला सगळ्या प्रकारचे निकाल येतात आणि तिथे कोणतेही एक शीर्षक पुरे पडत नाही.

इंप्रेशन्स वाढली म्हणजे काम झाले, असे एजन्सीचे म्हणणे आहे आणि आमचे पैसे परत मिळालेले नाहीत. असे काम देणाऱ्यांनी प्रत्येक पानासाठी मुख्य शोध, त्याला येणाऱ्या निकालांचा प्रकार, सुचवलेले शीर्षक आणि त्यामागचे कारण हे पहिला हप्ता देण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावे, आणि सर्च कन्सोलची मालकी पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच ईमेलवर ठेवावी.