चौदा महिन्यांनंतर: रेंज घटली, चार्जरचा दिवा लालच

माझं रोजचं जाणं-येणं नाशिकरोड ते सातपूर, दिवसाला तीसेक किलोमीटर. ६० व्होल्ट, २६ एएच बॅटरीची ही स्कूटर एका चार्जिंगवर ६४ किलोमीटर जायची, म्हणजे दोन दिवस निघायचे. चौदाव्या महिन्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्वारका चौकाजवळ गाडी बंद पडली. ५४ किलोमीटर झाले होते. शिवाय पाच तासांत हिरवा होणारा चार्जरचा दिवा आता सकाळी उठून पाहावं तर लालच.

सर्व्हिस सेंटरवर न तपासताच नवा चार्जर घ्या म्हणाले. मी आधी चार्जर गाडीला न जोडता नुसताच सॉकेटला लावला. दिवा हिरवा, मल्टीमीटरवर ६७.२ व्होल्ट. नुसता लावूनही लाल राहिला असता किंवा व्होल्टेज कमी आलं असतं, तर दोष चार्जरचाच. पण एवढ्यावर त्याला निर्दोष म्हणता येत नाही, कारण भार पडल्यावर खचणारे चार्जरही असतात. म्हणून शेजाऱ्यांचा तसाच चार्जर लावून पाहिला. तोही लालच!

मग रात्री गाडीजवळ बसलो, आणि इथे खरी गोष्ट कळली. दिवा सतत लाल नव्हताच. काही मिनिटं लाल, मग हिरवा, पुन्हा लाल. चार्जर व्यवस्थित ६ अँपिअर देत होता आणि बॅटरीतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, मध्येच चार्जिंग तोडत होतं. करंट शून्य झाला की हिरवा, जोडणी परत झाली की लाल.

बीएमएसच्या ब्लूटूथ अ‍ॅपवर सेलचे १६ गट दिसतात. पंधरा गट ४.०५ व्होल्टवर, सातवा एकटाच ४.२५ वर. एकूण ६५ व्होल्ट. सातवा भरला की बाकीच्यांचं चार्जिंग अर्धवट थांबायचं, तिथेच दहा किलोमीटर गेले. चार्जर कमी व्होल्टेज देत असता तर सोळाही गट सारखेच मागे राहिले असते.

सातवा गट खराब आहे का, हाही प्रश्न होता. त्यासाठी गाडी बंद पडेपर्यंत चालवली. तेव्हा बाकीचे ३.१ आणि सातवा ३.४. क्षमता गेलेला गट वर जसा आधी भरतो तसा खाली आधी रिकामाही होतो. हा तर उरला होता, म्हणजे फक्त असमतोल.

बॅटरी मी स्वतः उघडली नाही, उघडूही नका. बॅटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाने सातव्या गटावर रेझिस्टर लावून साधारण साडेतीन एएच उतरवले. बीएमएस हे काम ५० मिलिअँपिअरने करतं, त्याला सत्तर तास लागले असते. तेही सेल जवळपास पूर्ण भरल्यावरच, आणि मी बॅटरी जपायची म्हणून एरवी बहुतेक वेळा ८५ टक्क्यांना प्लग काढत होतो. आता आठवड्यातून एकदा रात्रभर पूर्ण चार्ज करतो.

दीड महिना झाला. रेंज ६२, दिवा पाच तासांत हिरवा, चार्जर जुनाच.