चौघांचा पॉडकास्ट, चार माईक: आवाजांची सरमिसळ मांडणीने रोखावी की गेटने?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरच्या दिवाणखान्यात किंवा वाचनालयाच्या खोलीत चार जणांना एका टेबलाभोवती बसवून मराठी गप्पा ध्वनिमुद्रित करायच्या झाल्यास चार माईक आणि चार चॅनलचा ऑडिओ इंटरफेस एवढी सामग्री पुरते. अडचण पुढे येते. प्रत्येकाचा माईक वेगळा आणि ट्रॅक वेगळा असूनही प्रत्येक ट्रॅकवर उरलेल्या तिघांचे आवाज थोडेफार उतरलेले असतात. यालाच ब्लीड म्हणतात. चारही ट्रॅक एकत्र केले की एकच आवाज निरनिराळ्या अंतरांवरून, काही मिलिसेकंदांच्या फरकाने ऐकू येतो आणि तो पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. यावर दोन उपाय सुचवले जातात. माईक व माणसे नीट मांडणे हा पहिला, आणि संगणकावर प्रत्येक ट्रॅकला नॉइज गेट लावणे हा दुसरा. वेळ आणि पैसा मर्यादित असेल तर आधी कोणता करावा, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

दोन्ही उपाय एकाच जातीचे नाहीत. मांडणीमुळे ब्लीड माईकमध्ये शिरतानाच कमी होतो, म्हणून दोघे एकाच वेळी बोलत असले तरी तिचा उपयोग होतो. गेट मात्र केवळ एक दार आहे. त्या ट्रॅकवरची पातळी ठरवलेल्या मर्यादेच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेली की ते उघडते आणि खाली आली की मिटते. दार उघडे असताना आपल्या माणसाबरोबर शेजाऱ्याचा आवाजही आत येतो आणि गेटला त्या दोघांत काहीच भेद करता येत नाही. चौघांच्या गप्पांत एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळणे हीच रंगत असल्याने गेटची ही मर्यादा किरकोळ मानता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, खानापुरातील एका घराच्या सोप्यात लांबट टेबलाच्या एका बाजूला दोघे आणि समोर दोघे बसले आहेत. एका बाजूला कुस्तीच्या मैदानात निवेदन करून आवाज कमावलेले गृहस्थ आहेत आणि त्यांच्या शेजारी हळू बोलणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. दोघांच्या तोंडांमधील अंतर ७० सेंटीमीटर आहे. कार्डिऑइड, म्हणजे समोरून सर्वांत जास्त आणि मागून सर्वांत कमी ऐकणारे, माईक छोट्या टेबल स्टँडवर प्रत्येकाच्या अगदी समोर, तोंडापासून २० सेंटीमीटरवर ठेवले आहेत. शिक्षिकांच्या माईकपासून निवेदकांचे तोंड साधारण ७३ सेंटीमीटरवर येते. अंतराच्या या गुणोत्तरामुळे त्यांचा आवाज सुमारे ११ डेसिबलने कमी होतो. ते माईकच्या जवळजवळ बाजूला बसलेले असल्याने कार्डिऑइडच्या दिशानिवडीतून आणखी जेमतेम ४ डेसिबल मिळतात. एकूण १५ डेसिबल झाले. हा हिशेब दोघे सारख्याच जोराने बोलतात असे धरून केला आहे. निवेदक १० डेसिबलने मोठ्याने बोलत असतील, तर शिक्षिकांच्या ट्रॅकवर त्यांचा आवाज शिक्षिकांच्या सरासरीपेक्षा फक्त ५ डेसिबलने खाली राहतो.

आता या ट्रॅकवर गेट लावून पाहावे. मराठी वाक्य बहुधा ‘आहे’, ‘होते’, ‘नव्हतं’ अशा क्रियापदावर संपते आणि बोलणारा तेथे आवाज सोडून देतो. शिक्षिकांच्या वाक्यांचे शेवट त्यांच्या सरासरीपेक्षा १० डेसिबलने खाली जातात असे धरल्यास ते निवेदकांच्या ब्लीडपेक्षाही ५ डेसिबल खाली पडतात. ब्लीड अडेल इतका थ्रेशोल्ड वर नेला तर प्रत्येक ‘आहे’चा ‘हे’ कापला जातो आणि शेवट राहतील इतका खाली आणला तर निवेदक बोलताच शिक्षिकांचे गेट उघडते. मधली जागाच नसल्याने कितीही महागडे गेट घेतले तरी त्याला बरोबर असा थ्रेशोल्ड सापडणार नाही. संवादादरम्यान सगळे म्हणतात त्या ‘होय की’, ‘हं’ अशा हुंकारांची गत तर याहून वाईट होते, कारण ‘ह’ने सुरू होणारा आवाज हळूहळू चढतो आणि गेट उघडेपर्यंत निम्मा शब्द निघून गेलेला असतो.

त्याच खोलीत, त्याच माईकांनी फक्त मांडणी बदलू. पहिला बदल अंतराचा आहे. माईक तोंडापासून १० सेंटीमीटरवर आणावा. दुसरा बदल सहसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा त्यातच आहे. माईक समोर न ठेवता, एका बाजूला बसलेल्या दोघांच्या मधल्या भागात, म्हणजे शेजाऱ्याच्या दिशेला सुमारे ४५ अंश सरकवून ठेवावा आणि तेथून आपल्याच माणसाच्या तोंडाकडे वळवावा. असे केल्याने माईकची पाठ शेजाऱ्याकडे होते. कार्डिऑइड मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे पूर्वी दिशेतून मिळणारे ४ डेसिबल आता १४ च्या घरात जातात आणि जवळ आणलेल्या माईकमुळे अंतराचे १६ मिळतात. कागदावर १५ चे ३० डेसिबल होतात. समोरचे दोघेही माईकच्या पाठीमागेच पडतात. बोलणारा शेजाऱ्याकडे मान वळवतो तेव्हा तो माईककडेच वळतो, आणि श्वास थेट माईकवर न आदळल्याने ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके कमी होतात, हे लाभ वेगळेच. जवळून बोलल्याने आवाजातला खर्ज वाढतो. त्यासाठी ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे त्याखालचे आवाज कमी करणारा, फिल्टर लावावा.

तिसरा बदल बसण्याचा आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. सर्वांत मोठ्या आवाजाचे आणि सर्वांत हळू बोलणारे शेजारी-शेजारी बसवू नयेत. त्यांना कोपऱ्याकोपऱ्यात, एकमेकांच्या तिरके समोर बसवावे. आपल्याकडे पाहुण्यांना मानाप्रमाणे बसवण्याची रीत असल्याने हे सुचवताना थोडे अवघडायला होते, पण कारण सांगितले की कोणी नाही म्हणत नाही. तिरक्या जागेवरून निवेदकांचे तोंड शिक्षिकांच्या माईकपासून सव्वा मीटरहून लांब आणि जवळजवळ थेट पाठीमागे येते. सरळ येणारा आवाज मग नगण्य होतो. उरतो तो भिंती, फरशी आणि टेबलावरून परतणारा.

मांडणीची मर्यादा येथे कळते. शहाबादी फरशी आणि सिमेंटच्या उघड्या भिंती असलेल्या खोलीत परतणारा आवाज सगळ्या दिशांनी येतो आणि माईकची पाठ त्याला अडवू शकत नाही, त्यामुळे कागदावरचे आकडे प्रत्यक्षात उतरत नाहीत. टेबलावर जाड चादर, खाली सतरंजी आणि बोलणाऱ्यांच्या पाठीमागे उभ्या केलेल्या गाद्या एवढ्यानेही बराच फरक पडतो. आपल्या उदाहरणात ही सगळी तयारी करून प्रत्यक्ष २५ डेसिबल मिळाले असे धरू. निवेदकांचे जास्तीचे १० वजा केले तरी त्यांचा ब्लीड शिक्षिकांच्या सरासरीच्या १५ डेसिबल खाली राहतो आणि वाक्यांचे शेवट १० डेसिबल खाली. म्हणजे दोहोंमध्ये ५ डेसिबलची फट तयार झाली. थ्रेशोल्ड तिच्या मधोमध बसवावा. अगोदर जे गेट निरुपयोगी होते, ते आता काम करू लागते.

म्हणून गेट घ्यायचे की नाही हे ठरवण्याआधी एक चाचणी करावी. चौघांनी आळीपाळीने, नेहमीच्या आवाजात, एकेकट्याने अर्धा मिनिट बोलावे आणि त्या वेळी उरलेल्या तीन ट्रॅकवरची पातळी कागदावर उतरवून घ्यावी. गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, मात्र चौघांचा आवाज सारखा दिसेल असा आधीच लावलेला असावा. हळू बोलणाऱ्याचा गेन वाढवला की त्याच्या ट्रॅकवरचा ब्लीडही तेवढाच वाढतो आणि खरी अडचण तेव्हाच दिसते. शिक्षिकांसाठी गेन वाढवण्याऐवजी माईक १० वरून ५ सेंटीमीटरवर आणला तर ६ डेसिबल फुकट मिळतात. बारा आकड्यांपैकी सर्वांत वाईट आकड्यातही ब्लीड १५ डेसिबल खाली असेल तर हलके गेट पुरते. तो १० च्या आत असेल तर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा टेबलाकडे वळावे.

गेट लावताना ते पूर्ण मिटू देऊ नये. मिटलेला ट्रॅक १० ते १२ डेसिबलनेच खाली जावा, कारण पूर्ण शांतता आणि पंख्याची घरघर आळीपाळीने ऐकू येऊ लागली की ती ब्लीडपेक्षा जास्त खटकते. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ReaGate हे गेट वापरणाऱ्यांनी त्यातील Dry ही पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तर हाच परिणाम मिळतो. Pre-open ५ ते १० मिलिसेकंद ठेवल्यास ‘होय’मधला ‘ह’ वाचतो. Hold २०० आणि Release २०० ते ३०० मिलिसेकंद ठेवल्यास वाक्याचा शेवट अलगद मिटतो. मोठ्या आणि लहान आवाजांतला फरक कमी करणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आधी गेट असावे. नंतर लावल्यास कॉम्प्रेसरने ब्लीड आधीच वर उचललेला असतो आणि कष्टाने मिळवलेली ५ डेसिबलची फट बुजते.

चारही माईक सतत उघडे राहिल्यास खोलीचा गोंगाट एका माईकच्या तुलनेत ६ डेसिबलने वाढतो, आणि चांगल्या मांडणीनंतरही गेटची गरज उरते ती मुख्यतः यासाठी. मिक्सरमध्ये ऑटोमिक्सची सोय असेल तर थेट प्रक्षेपणात मी गेटऐवजी तीच निवडेन. डॅन डूगन यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत चारही माईक मिळून एकाच उघड्या माईकइतका गेन वाटून घेतात. त्यात थ्रेशोल्ड नसल्याने शब्द कापले जाण्याचा प्रश्न येत नाही.

ज्यांचे ध्वनिमुद्रण आधीच होऊन गेले आहे आणि माईक लांब होते, त्यांच्यापुढे मांडणीचा पर्याय नाही. त्यांनी कडक गेटच्या मागे न लागता २:१ प्रमाणाचा एक्स्पांडर, म्हणजे थ्रेशोल्डखालचा आवाज एकदम न तोडता हळूहळू कमी करणारे साधन, लावून ट्रॅक ६ ते ८ डेसिबलच खाली येऊ द्यावेत आणि जेथे एकच माणूस बराच वेळ बोलतो तेथे बाकीचे तीन ट्रॅक हाताने खाली ओढावेत. खानापूर भागातील पावसाळ्यात कौलांवर सर कोसळत असताना केलेल्या ध्वनिमुद्रणाला तर हाताने ओढण्याचा हाच एक मार्ग आहे, कारण पावसाचा आवाज चारही ट्रॅकवर सारखाच असतो आणि सरीगणिक चढतो-उतरतो; एका जागी बसवलेला कोणताही थ्रेशोल्ड तेथे दहा मिनिटेही टिकत नाही.