६४ अक्षरी कळ, crypt15 आणि काही महिन्यांचा अनुभव

परभणीतील आमच्या कृषी सेवा केंद्राचा जवळजवळ सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, म्हणून गेल्या खरिपाच्या आधी मी चॅट बॅकअपला पासवर्डऐवजी ६४ अक्षरी कळ लावली आणि ती उधारीच्या वहीत लिहून ठेवली. तेव्हापासून फोनच्या `Databases` फोल्डरमध्ये `msgstore.db.crypt15` नावाची फाइल तयार होते.

सेलूच्या माझ्या चुलतभावाचा फोन बंद पडला, तेव्हा त्याने आधी संगणकावर उतरवून ठेवलेली अशीच फाइल घेऊन तो एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेला. तिथे तिच्या नावातील `crypt15` काढून फक्त `.db` ठेवण्यात आले, पण ती उघडली नाही, आणि ती उघडणे शक्यही नव्हते, कारण शेपटी बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. मूळ डेटाबेस आधी दाबून लहान केला जातो आणि मग २५६ बिटच्या कळीने एईएस-जीसीएम पद्धतीने कूटबद्ध होतो. बरोबर कळीने उलगडलेल्या डेटाबेसच्या सुरुवातीला `SQLite format 3` हे शब्द दिसतात. त्याच्या फाइलमध्ये त्यांचा मागमूसही नव्हता.

त्याच्याजवळ कळ मात्र लिहिलेली होती, म्हणून आम्ही wa-crypt-tools हे मुक्त साधन संगणकावर वापरून पाहिले.

```
wadecrypt <64 अक्षरी कळ> msgstore.db.crypt15 msgstore.db
```

दिवाळीनंतरची फाइल लगेच उलगडली, पण त्याच्या आधीची त्याच कळीने उलगडेना. चौकशी केल्यावर कळले, की दिवाळीत त्याने कूटबद्ध बॅकअप बंद करून पुन्हा सुरू केला होता. असे केल्यावर नवी कळ तयार होते, आणि आधी संगणकावर उतरवलेली फाइल मात्र जुन्याच कळीशी बांधलेली राहते. जीसीएममध्ये मजकुरासोबत पडताळणीचा शिक्का असतो. कळीतील एक अक्षर जरी वेगळे असले तरी तो जुळत नाही, त्यामुळे अर्धवट वाचता येईल असेही काही हाती लागत नाही. नक्कल करताना फाइल बिघडली असली तरी हाच शिक्का जुळत नाही, म्हणून त्याच काळातली दुसरी फाइल त्याच कळीने तपासून पाहणे हा दोष कळीत आहे की फाइलमध्ये, हे ओळखण्याचा मला सापडलेला भरवशाचा मार्ग आहे. त्याच्या दिवाळीआधीच्या सगळ्याच फाइली अडल्या आणि नंतरच्या सगळ्या उलगडल्या, तेव्हा शंका उरली नाही. जुनी कळ त्याने लिहून ठेवलेली नव्हती, आणि २५६ बिटच्या कळीचा अंदाज बांधून शोध घेणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातले नाही. पैसे घेऊन फाइल उघडून देतो म्हणणाऱ्यांवर मी त्यामुळे मुळीच विश्वास ठेवत नाही.

शेतकऱ्यांनी पाठवलेले सोयाबीनच्या पानांचे फोटो मात्र `Media` फोल्डरमध्ये साध्या जेपीजी रूपात असतात, त्यांना कळ लागत नाही, आणि ते त्याला सगळे मिळाले. गेले ते दिवाळीनंतरच्या फाइलीत नसलेले जुने संदेश, म्हणजे कोणी किती पोती सांगितली होती त्याची नोंद.

एवढे पाहूनही मी ही सोय चालूच ठेवली आहे, आणि आता वहीत प्रत्येक कळीपुढे ती कोणत्या तारखेपासून लागू आहे हेही लिहितो.