सीझन पास की मॅच पास? पासवर्ड मागणाऱ्यांचाही हिशेब धरा

ऑनलाइन क्रिकेट बघायला मी तीन मोसम सीझन पास घेतला आणि गेले दोन मोसम एकेका सामन्याच्या मॅच पासवर आहे. त्यामुळे माझं झुकतं माप कुठे आहे ते लपणार नाही. तरी दोन्ही बाजू सांगतो.

आयपीएलमध्ये तुमची लाडकी टीम साखळीत 14 सामने खेळते आणि ते सगळे तुम्ही बघता, तर सीझन पासच परवडतो. त्यात वाद नाही. प्रश्न येतो तो परदेश दौऱ्यांचा. 2022 चा वेस्ट इंडिज दौरा मापाला घेऊ: तीन वनडे, पाच टी-20. वनडे आपल्याकडे संध्याकाळी सातला सुरू, म्हणजे संपायला पहाटेचे तीन. सेंट किट्सच्या टी-20 ला तर खेळाडूंचं सामानच वेळेवर पोचलं नाही आणि आठचा सामना अकराला सुरू झाला. सकाळी नऊला ऑफिस गाठणारा माणूस यातले किती बघेल? मी चार धरतो. म्हणून माझा ढोबळ नियम असा, की टूर पास चार मॅच पासांपेक्षा महाग असेल तर तो नको.

मॅच पास मी टॉस झाल्यावरच घेतो. टॉस अर्धा तास आधी होतो, तेवढ्यात यूपीआय अडकलं तरी दुसऱ्यांदा प्रयत्न करता येतो, आणि मुख्य म्हणजे आभाळाचा अंदाज आलेला असतो. अर्थात पाऊस नंतरही येतो. त्याच दौऱ्यातल्या तिसऱ्या वनडेत शुभमन गिल 98 वर नाबाद असताना पावसाने आपला डाव गुंडाळला. अशा वेळी पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नका, अटी वाचा.

आता माझं मन ज्याने फिरवलं ते सांगतो. सीझन पास घरातल्या पाण्याच्या पिंपासारखा असतो, येणारा-जाणारा तांब्या बुडवतो. माझ्या दोन डिव्हाइसच्या पासवर मी, साताऱ्याला बाबा, मेहुणा आणि त्याचा हॉस्टेलवरचा मुलगा असे चौघे होतो. ‘घेतलाच आहेस तर’ म्हणून. एकदा पाठलागाची शेवटची तीन षटकं उरलेली असताना आमच्याकडची वीज गेली. टीव्ही बंद पडला, म्हणून फोनवर लावायला गेलो तर मर्यादा संपल्याचा संदेश. भाचा हॉस्टेलवर बघत होताच, आणि आमचा बंद टीव्हीही मोजणीत होता. टीव्ही असा धाडकन बंद झाला की तुम्ही उठून गेल्याचं पलीकडे लगेच कळत नाही, ती जागा काही मिनिटं अडलेली राहते. (एरवी आधी व्हिडिओतून बाहेर यावं, मग बटण बंद करावं.) भाच्याला फोन केला, तो उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, “मामा, जिंकलो की!”

मर्यादा मॅच पासलाही असते, पण एका सामन्याच्या पासचा पासवर्ड अजून तरी कुणी मागितलेला नाही. माझ्यासाठी एवढंच पुरेसं ठरलं.

मोबाइलपुरत्या स्वस्त पासचं मात्र जपून. जिओहॉटस्टार 2025 च्या फेब्रुवारीत सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांचा मोबाइल प्लॅन 149 रुपयांना होता, एका डिव्हाइसचा. दोन डिव्हाइसचा 299 ला. फरक दीडशेचा दिसतो, पण पहिल्यात टीव्ही नाही. फोनवरून टीव्हीवर टाकू म्हणाल तर अशा प्लॅनमध्ये ते बहुधा अडवलेलं असतं. लोकलमध्ये बघणाऱ्याला चालेल. घरी चारजण एका फोनवर मान वाकडी करून बघणार असतील तर त्यापेक्षा मोजक्या सामन्यांचे, टीव्हीवर चालणारे पास बरे.

प्रक्षेपण मागे पडण्याबाबत दोन्ही पास सारखेच. प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि प्लेअर दोन-तीन तुकडे साठवल्याशिवाय चित्र दाखवत नाही. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण शेजारच्या डिश टीव्हीपेक्षा आम्ही साधारण एक चेंडू मागे असतो. मध्ये नेट अडखळलं की हे अंतर वाढतं आणि आपोआप भरून निघेलच असं नाही. म्हणून असं अडखळलं की ‘लाइव्ह’चं बटण दाबायचं. जास्त पैसे भरून हा चेंडू वसूल होईल अशी आशा मात्र ठेवू नका.

मावशी डिशवर बघते आणि ग्रुपवर ‘गेला!!’ लिहिते. तो ग्रुप मी टॉसलाच म्यूट करतो, पास घेतल्या घेतल्या.