वीतभर अंतरावरचा खेळ: बारशाच्या भेटींचा सहा महिने वापरानंतरचा अनुभव

माझी लेक आता आठ महिन्यांची आहे. बारसं आम्ही सव्वा महिना झाल्यावर केलं आणि त्या दिवशी भेटींनी पलंग भरून गेला. त्यातलं काय दुसऱ्या महिन्यात खरोखर कामी आलं, काय पाच महिने कपाटात पडून राहिलं आणि काय मी घरातून काढूनच टाकलं, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. येत्या महिन्यात नणंदेकडे बारसं आहे, त्यामुळे आता बसलेच.

आधी एक अंतर लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एक-दोन महिन्यांच्या बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं. आपल्या भाषेत एक वीत ते जेमतेम दीड वीत. दूध पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडचं दिसतं, पण पुसट. बारीक नक्षी तर राखाडी डागासारखी वाटते. रंगांचंही तसंच. ठळक काळं-पांढरं आणि गडद लाल लवकर कळतं, फिकट गुलाबी आणि फिकट निळ्यातला फरक नंतर. आपण मात्र नेमक्या त्याच दोन रंगांत सगळ्या भेटी घेतो.

आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, “पालथं घालता का?” मी म्हटलं, रडते म्हणून सोडून दिलंय. त्यांनी सांगितलं की झोपवायचं नेहमी पाठीवरच, पण जागेपणी आपल्या डोळ्यांसमोर थोडं थोडं पोटावर ठेवायचं. सगळं मिळून दिवसाला पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, तेही एकदम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांतही, अजून रांगत नसलेल्या बाळासाठी दिवसभरात मिळून किमान तीस मिनिटं सांगितली आहेत. मान, खांदे आणि पाठ यातून तयार होतात, आणि सतत पाठीवर राहून डोक्याचा मागचा भाग चपटा होतो, तेही कमी होतं.

पहिल्या दिवशी आमची बाई चाळीस सेकंद टिकली. मग रडून लालबुंद. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मावशी रोज पायावर पालथी घालतात तेव्हा कुठे रडते?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाय लांब करून पाटावर बसतात, बाळाला पायांवर पालथं घेतात आणि पाठीला तेल लावतात. म्हणजे टमी टाइम आमच्या घरात रोज चाललेलाच होता, त्याला नाव तेवढं नव्हतं. त्या वेळी छाती जरा उंच असते, हात पुढे सुटे असतात, आणि मावशी सतत बोलत असतात. मी तिला सपाट गादीवर ठेवत होते, हात छातीखाली अडकलेले आणि समोर बघायला पांढरी चादर.

दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी बदलल्या. मऊ गादी सोडून जमिनीवर सतरंजी आणि त्यावर घट्ट पसरलेली चौघडी गोधडी. मऊ गादीत नाक रुतायची भीती असते आणि हातांना टेकू मिळत नाही. एका पंच्याची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून छातीखाली काखेच्या रेषेत दिली आणि हात तिच्या पुढे काढले. आणि वेळ ठरवली, झोपून उठल्यावर, लंगोट बदलल्यावर. दूध प्यायल्यावर निदान अर्धा तास नाही, नाहीतर सगळं बाहेर येतं. खाली अजिबात न चालणाऱ्या दिवशी मी उशांना टेकून अर्धवट पडायचे आणि तिला छातीवर पालथी घ्यायचे. माझं तोंड बघायला ती मान उचलायची. तेही धरायचं, वाया जात नाही.

आता बघायच्या वस्तूंकडे येते, कारण पालथं बाळ कशासाठी मान उचलेल, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मैत्रिणीने काळ्या-पांढऱ्या चित्रांची घडीची पट्टी दिली होती. जाड पुठ्ठ्याची, पंख्यासारखी उघडून जमिनीवर स्वतः उभी राहणारी. सगळ्या भेटींत ही पहिल्या नंबरावर, आणि किंमत सगळ्यात कमी असावी. पालथ्या बाळाचे डोळे जमिनीपासून दोन-चार बोटंच वर असतात. भिंतीवरचं किंवा आपण हातात धरलेलं चित्र त्याला दिसतच नाही. ही पट्टी मी गोधडीच्या टोकाला वीतभर अंतरावर उभी करायचे. जाड पट्टे, मोठी वर्तुळं आणि डोळे-तोंड असलेला गोल चेहरा, एवढ्यावरच तिची नजर ठरायची. बारीक चौकटींच्या चित्राकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या एकीने सुट्या कार्डांचा संच दिला होता, चकचकीत लॅमिनेट केलेला. त्यात दोन अडचणी निघाल्या. ट्यूबलाइटखाली चित्राऐवजी उजेडाची तिरीपच दिसते, ते बाळाच्या उंचीला स्वतः आडवं पडल्यावर मला कळलं. आणि कोपरे टोकदार. मी ते कात्रीने गोल केले आणि कार्ड स्टीलच्या डब्याला टेकवून, खिडकीकडे पाठ येईल असं ठेवलं. मग ठीक चाललं. नवीन घेणार असाल तर मंद, न चमकणारा पृष्ठभाग बघा. आणि घ्यायचं नसेल तर पांढऱ्या कागदावर जाड काळ्या मार्करने बोटभर रुंदीचे पट्टे काढा. नजरेला तेवढंच पुरतं.

आईकडून आलेलं चिमणाळं तर माझ्या काळजाचं. कापडी चिमण्या, मधोमध एक लाल. पण ते पाळण्याच्या वर हातभर उंच टांगलेलं होतं आणि खालून चिमण्यांची पोटंच दिसत होती. म्हणून लाल चिमणी सोडवून घेतली. लेक पाठीवर, मी समोर, चिमणी तिच्या तोंडापासून दीड वीत वर. मागे पांढरी भिंत किंवा छत हवं, फुलांच्या पडद्यासमोर ती हरवून जाते. आधी नजर ठरेपर्यंत थांबायचं, मग अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे. आठव्या आठवड्यात तिचे डोळे अडखळत यायचे आणि मध्यावर येऊन सुटायचे. दहाव्या आठवड्याच्या आसपास एके दुपारी तिने मध्य ओलांडून पार कडेपर्यंत चिमणी सोडली नाही. मी शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना हाक मारली. खेळ संपला की चिमणी उचलून ठेवायची. दोऱ्याची कुठलीही वस्तू बाळाच्या हाताशी टांगून जायचं नाही.

याच खेळात एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. ती उजवीकडे झटकन वळायची, डावीकडे कंटाळायची. पोटावरही उजवा गालच टेकायची, आणि डोकं मागून उजवीकडे किंचित सपाट वाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिली. स्नायू आखडलेला नव्हता. मग त्यांनी विचारलं, पलंग कुठे आहे? पलंग भिंतीला लागून, खिडकी आणि माझी जागा दोन्ही तिच्या उजवीकडे. बघण्यासारखं सगळं एकाच बाजूला होतं! आम्ही तिचं डोकं पायथ्याकडे केलं, म्हणजे खिडकी डावीकडे आली. पालथ्या खेळात पट्टी समोरून हळूहळू डावीकडे सरकवत नेली. तीन आठवड्यांत ती दोन्हीकडे सारखी वळू लागली. मान एका बाजूला अडल्यासारखी वाटली, किंवा बदल करूनही फरक पडला नाही, तर मात्र घरी थांबू नका. तीन महिने पूर्ण होऊनही पालथं असताना डोकं जराही उचललं जात नसेल, नजर कशाचाच पाठलाग करत नसेल, चौथ्या महिन्यानंतरही डोळे तिरळे वाटत असतील, तर दाखवून घ्या. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर महिने बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे.

पुरे झालं हे ती रडण्याआधी सांगते. नजर बाजूला नेते, जांभई देते, कपाळ गोधडीला टेकून मूठ चोखते. मी सुरुवातीला रडेपर्यंत थांबायचे, त्यामुळे तिला पालथं होणंच नकोसं झालं होतं. जांभईला उलटं केलं की पुढच्या वेळी जास्त टिकायची. दिवसातून पाच-सहा वेळा एकेक मिनिट, तिसऱ्या महिन्याअखेर एका वेळी चार-पाच मिनिटं. पालथीच झोप लागली तर लगेच पाठीवर.

बाकीच्या भेटी थोडक्यात. कमानीची प्ले जिम दुसऱ्या महिन्यात निव्वळ शोभा होती, कारण हात मारायला ती साडेतीन महिन्यांनी लागली. त्यानंतर मात्र रोज वापरली, तेव्हा ती वाईट भेट नाही, लवकरची आहे. न फुटणारा अॅक्रिलिकचा आरसा तिसऱ्या महिन्यापासून आजतागायत चालू आहे. चांदीचा खुळखुळा सुंदर, पण ती मूठ घट्ट धरून तोंडावर मारून घ्यायची. आवाजाकडे मान वळवायला आम्ही तो आमच्याच हातात ठेवला. घुंगरांचे वाळे समारंभापुरते घातले, कारण तीन महिन्यांपासून सगळं तोंडात जातं आणि सुटलेला एक घुंगरू पुरेसा असतो. राईची उशी डोक्याला आकार यावा म्हणून आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट नको सांगितलं. झोपेत बाळाजवळ कुठलीच उशी नको. मच्छरदाणीची फुगीर गादीही जमिनीवरच्या खेळाला निरुपयोगी. दिवे लावून गाणी म्हणणारं खेळणं मी बाजूला ठेवलं. दोन महिन्यांच्या बाळाला त्यात बघायला ठरावीक असं काही सापडत नाही, आणि बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नव्हतं. सेल गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो.

वॉकर धाकट्या काकांनी फार प्रेमाने आणला होता. त्यांना मी फोन करून सांगितलं, “काका, डॉक्टर वॉकर नकोच म्हणतात, मुलं त्यातून जिन्यावर, गॅसकडे जातात. कॅनडात तर 2004 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.” ते म्हणाले, “मग काय आणू, ते सांग.” त्यांनी दुकानातून तो बदलून कापडाची मोठी जाड चटई आणली. लेक आत्ता तिच्यावरच पालथी सरपटतेय.

नणंदेकडे मी काय नेणार? उभी राहणारी काळी-पांढरी पट्टी, एक न फुटणारा आरसा, सहा ते बारा महिन्यांच्या मापाची सुती झबली, कारण लहान मापाची आमच्याकडे सतरा आली होती आणि अर्धी न घालताच आखूड झाली. खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहून घेणार, भारतात ते 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे. आणि आईने माझ्यासाठी शिवली तशी सुती दुपट्याची गोधडी शिवायला टाकली आहे, आत कापूस न भरता, नुसती चार पदरी.